प्रलंबित वारस नोंदीची तक्रार : तारखा आणि संदर्भ नेमके कसे लिहावेत

प्रश्न : "वडील वारल्यानंतर ३१ जानेवारीला तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला. चार महिने उलटले, सातबाऱ्यावर अजून आमची नावे नाहीत. तहसीलदारांकडे तक्रार करायची आहे. धाकटा भाऊ म्हणतो कडक लिही, काका म्हणतात नम्र लिही, नाहीतर आणखी अडवतील. मसुदा, अर्जाची पोच, आपली चावडीच्या पानाचे छायाचित्र आणि परवा काढलेला सातबारा जोडत आहे. भाषा आणि तारखा तपासून द्याल का?"

उत्तर :

मी तहसील कार्यालयात आधी टपाल शाखेत आणि नंतर बरीच वर्षे हक्कनोंदणीच्या संकलनात, म्हणजे त्या विषयाच्या टेबलावर, काम केले. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज वाचून दुरुस्त करून देतो. तुमचा मसुदा दोनदा वाचला आणि जोडलेले तिन्ही कागद त्याच्याशी ताडून पाहिले. कडक की नम्र हा तुमच्या घरातला वाद मला दुय्यम वाटतो. मसुद्यात तीन तारखा आहेत, त्यांतली एक कागदाशी जुळत नाही, दुसरी दिनदर्शिकेशी जुळत नाही आणि तिसरी, म्हणजे सर्वांत महत्त्वाची, अर्धवट आहे. त्यामुळे तक्रार चुकीच्या माणसाविरुद्ध गेली आहे. तारखा जागेवर बसल्या की भाषेचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. म्हणून आधी तारखांकडे पाहू.

तुमचे पत्र तहसीलदारांना उद्देशून असले तरी पहिल्यांदा ते तहसीलदार वाचत नाहीत. टपाल शाखेत त्याला आवक क्रमांक पडतो, तिथून ते संबंधित संकलनाकडे जाते आणि तिथला महसूल सहायक ते आपल्या कार्यविवरण नोंदवहीत घेतो. मग तो तुमच्या पत्रातील क्रमांक आणि तारीख घेऊन मूळ कागद शोधायला लागतो. कागद सापडला तर तो मंडळ अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवण्याचे टिपण तयार करतो. सापडला नाही तर तेवढेच लिहून पाठवतो, आणि त्यात खोटे काही नसते.

तुमच्या मसुद्यातील पहिले वाक्य आहे : "मी दिनांक ३१ जानेवारी रोजी तलाठी कार्यालयात अर्ज सादर केला." तुम्ही पाठवलेल्या पोचेवर मात्र शिक्का ३ फेब्रुवारी २०२५ चा आहे. मला वाटते झाले असे की तुम्ही अर्ज शुक्रवारी ३१ तारखेला लिहिला, वर तीच तारीख घातली आणि सोमवारी नेऊन दिला. तुमच्या दृष्टीने तीन दिवसांचा फरक किरकोळ आहे. आवक नोंदवहीत मात्र ३१ जानेवारीच्या पानावर तुमचे नाव नाही. "अर्जात नमूद दिनांकास अर्ज प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही" असे उत्तर महिन्याभराने तुमच्या हाती पडले, तर त्याला खोटे म्हणता येणार नाही आणि तुमची तक्रार मात्र निकाली निघालेली असेल. टपाल शाखेत असताना अशी उत्तरे मी स्वतः टंकित केली आहेत. त्यांतली सगळीच वाईट हेतूने लिहिलेली नव्हती. पुष्कळदा कारकुनाने दिलेल्या तारखेचे पान उघडले, नाव नाही असे पाहिले आणि पुढचे पान उलटण्याचे कष्ट घेतले नाहीत, इतकेच.

प्रत्येक कागदाला दोन तारखा असतात आणि कधी कधी तीन. एक कागदावर लिहिलेली, दुसरी कार्यालयाच्या शिक्क्यातली आणि कार्यालयाकडून तुम्हाला आलेल्या पत्राच्या बाबतीत तिसरी, म्हणजे ते तुमच्या हाती पडल्याची. मुदत मोजताना तुमच्या अर्जासाठी शिक्क्यातली तारीख धरावी, कारण कार्यालय तीच मान्य करते. कार्यालयाच्या पत्राचा उल्लेख करताना पत्रावरची तारीख लिहावी आणि ते उशिरा मिळाले असेल तर "मला दिनांक अमुक रोजी प्राप्त" असे लगेच पुढे जोडावे. पाकिटावरचा टपालाचा शिक्का हाच त्याचा पुरावा असल्यामुळे पाकीट फेकू नये. तुमच्या प्रकरणात कार्यालयाचे पत्रच नाही, म्हणून हा मुद्दा इथेच सोडतो.

दुसरी तारीख भेटीची आहे. "दिनांक १२ एप्रिल रोजी मंडळ अधिकारी कार्यालयात समक्ष भेटलो" असे तुम्ही लिहिले आहे. मी दिनदर्शिका पाहिली. १२ एप्रिल २०२५ हा शनिवार होता, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. कदाचित ते त्या दिवशी खरोखर कार्यालयात आले असतील, किंवा तुम्ही शुक्रवारी गेला असाल आणि लिहिताना एक दिवस चुकला असेल. काहीही असले तरी सुट्टीच्या दिवशीच्या भेटीचा उल्लेख वाचताच समोरच्याचा बाकीच्या तारखांवरचा विश्वासही डळमळतो. भेटीची नोंद कुठेच होत नसल्यामुळे तुमच्या शब्दाखेरीज तिला आधार नसतो. ज्या दिवसाची खात्री नाही तो दिवस पत्रात आणू नये. "वारंवार चकरा मारल्या" हे वाक्यही त्याच कारणाने काढून टाकावे, कारण किती चकरा आणि कोणत्या दिवशी, हे विचारले तर सांगता येणार नाही.

तिसरी तारीख तुमच्या मसुद्यात नुसतीच "मार्च महिन्यात मुदत संपली" अशी आहे, आणि खरे प्रकरण तिच्यातच दडले आहे. आपली चावडी म्हणजे फेरफाराच्या नोटिसा दाखवणारे सरकारी संकेतस्थळ; तुम्ही जोडलेल्या तिथल्या पानाच्या छायाचित्रात चार गोष्टी स्पष्ट वाचता येतात : फेरफाराचा क्रमांक, प्रकार वारस, फेरफाराचा दिनांक २१ फेब्रुवारी २०२५ आणि हरकत नोंदविण्याची शेवटची तारीख ८ मार्च २०२५. (तुमचे खरे गट क्रमांक, फेरफार क्रमांक व आवक क्रमांक मी खाली बदलून लिहीत आहे, तारखा तुमच्याच ठेवल्या आहेत.) याचा अर्थ काय होतो ते पाहा. तुम्ही ३ फेब्रुवारीला अर्ज दिला आणि तलाठ्यांनी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अठराव्या दिवशी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घेतली व नोटीस प्रसिद्ध केली. हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केलेले दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे यानंतरचा टप्पा नोंद प्रमाणित करण्याचा असतो, आणि ते काम सामान्यतः मंडळ अधिकारी करतात. १२ जूनला तुम्ही काढलेल्या सातबाऱ्याच्या खालच्या भागात "प्रलंबित फेरफार" या शब्दांपुढे हाच क्रमांक छापलेला आहे. तेव्हा अडलेली जागा तलाठ्यांच्या टेबलावर नाही, ती एक पायरी वर आहे.

आता तुमच्या मसुद्यातील हे वाक्य पाहा : "तलाठी साहेब मुद्दाम टाळाटाळ करीत असून पैशांच्या अपेक्षेने आमची नोंद अडवून ठेवली आहे." तुमचे पत्र अहवालासाठी गेले की तलाठी दोन ओळींत उत्तर देतील की नोंद २१ फेब्रुवारीलाच घेतली आहे, आरोप निराधार आहे. तेही खरेच असेल. मग तुमचे पत्र आरोपाला उत्तर मिळाले म्हणून बंद होईल आणि फेरफार आहे तिथेच राहील. तारखा क्रमाने मांडल्या असत्या तर हे वाक्य लिहिण्याची वेळच आली नसती.

पैशांविषयी एक गोष्ट वेगळी सांगतो. कोणी प्रत्यक्ष पैसे मागितले असतील तर ती तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करायची असते आणि त्यांचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. तो वेगळा विषय आहे, वेगळी यंत्रणा आहे. विलंबाच्या पत्रात तो अर्ध्या वाक्याने घुसवला की दोन्ही तक्रारी बिघडतात. आणि मागितले नसतील, नुसती शंका असेल, तर ती शंका कागदावर येऊ देऊ नका.

पुढचे सगळे एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती मला इथून दिसत नाही : ८ मार्चपर्यंत कोणी हरकत घेतली होती का? चुलत्यांपैकी, बहिणींपैकी किंवा वडिलांच्या जुन्या व्यवहारातील कोणी लेखी हरकत दिली असेल तर नोंद "तक्रारी" होते, तिची नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-अ मध्ये होते आणि सुनावणी घेऊन निर्णय द्यावा लागतो. तशा वेळी विलंबाची तक्रार गैरलागू ठरते आणि सुनावणीची तारीख मिळावी एवढीच मागणी करता येते. म्हणून पत्र देण्यापूर्वी गावच्या चावडीवर, म्हणजे तलाठी कार्यालयात, जाऊन एवढे एक विचारून घ्या. खालचा नमुना मी हरकत आलेली नाही असे धरून लिहिला आहे, आणि त्यातही "माझ्या माहितीप्रमाणे" हे दोन शब्द मुद्दाम ठेवले आहेत. तुम्हाला जे कळले ते तुमच्या माहितीपुरते खरे आहे. नोंदवहीत काय आहे ते कार्यालय सांगेल.

आता संदर्भांकडे येतो. सरकारी पत्रात विषयाच्या खाली "संदर्भ" म्हणून क्रमांक देऊन कागदांची यादी असते आणि मजकुरात "संदर्भ क्रमांक १ अन्वये" असे म्हणून तिचा वापर केला जातो. तुमच्याही पत्रात ती असावी, कारण संकलनातला माणूस आधी तीच वाचतो. तिथे नुसते "अर्ज क्रमांक २११" लिहून भागत नाही. आवक क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू होतात आणि प्रत्येक कार्यालयाची नोंदवही वेगळी असते. सज्जाच्या, म्हणजे तलाठी कार्यालयाच्या, नोंदवहीतला २११ वेगळा, मंडळ अधिकाऱ्यांकडचा वेगळा आणि तहसीलमधला तर कधीच्या काळी जानेवारीत होऊन गेलेला. म्हणून कार्यालय, आवक क्रमांक आणि पूर्ण तारीख ही तिन्ही एकत्र लिहावीत. कार्यालयाकडून आलेल्या पत्राचा क्रमांक उतरवताना तो आहे तसा, मधल्या तिरप्या रेषा, "कावि" आणि वर्षासकट उतरवावा. "कावि" म्हणजे कार्यविवरण. पत्राचा क्रमांक संकलनाच्या नावाने सुरू होतो, त्यात पुढे कुठेतरी कार्यविवरण क्रमांक असतो, आणि शोधणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. लोक तो अनावश्यक समजून गाळतात.

आकड्यांच्या बाबतीत एक जुना अनुभव सांगतो. एका शेतकऱ्याने हाताने लिहिलेल्या पत्रात आवक क्रमांक दोनशे अकरा असा मराठी आकड्यांत लिहिला होता. वरच्या ओळीतली तारीख त्याने इंग्रजी आकड्यांत घातली होती. नव्या कारकुनाने क्रमांकही इंग्रजीच समजून वाचला, मराठी एक म्हणजे इंग्रजी नऊ, आणि दोनशे अकराचा दोनशे नव्याण्णव झाला. त्या क्रमांकावर कुणा दुसऱ्याचाच शिधापत्रिकेचा अर्ज निघाला आणि आमच्याकडून त्या शेतकऱ्याला "आपला विषय पुरवठा शाखेशी संबंधित आहे" असे पत्र गेले. चूक आमची होती, पण दोन महिने त्याचे गेले. तेव्हा पत्र टंकित करा, सबंध पत्रात एकाच लिपीतले आकडे वापरा आणि महिना अक्षरी लिहा. ०३/०२ पाहून कोणी २ मार्च समजण्याचा संभव आपल्याकडे कमी आहे, परंतु ३ फेब्रुवारी २०२५ असे लिहिल्यावर तो उरतच नाही.

आता नम्रतेविषयी, म्हणजे तुमच्या काकांच्या मुद्द्याविषयी. मसुद्यात दोन टोके एकत्र आली आहेत. सुरुवातीला "मायबाप सरकारच्या चरणी नम्र प्रार्थना" आहे आणि शेवटी "अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपले कार्यालय जबाबदार राहील" असे आहे. पहिले वाक्य वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे करते आणि दुसरे वाक्य रोज दहा पत्रांत येत असल्यामुळे त्याने काहीच होत नाही. मुळात तहसीलदारांनी तुमची नोंद अडवलेली नाही. ज्यांच्याकडे अडली आहे त्यांना सूचना देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे, म्हणून आपण त्यांच्याकडे जात आहोत. ज्याच्याकडून काम करवून घ्यायचे त्यालाच पत्रात आरोपी केले तर तो आधी स्वतःचा बचाव लिहील.

कार्यालयीन मराठीतली नम्रता मुख्यतः क्रियापदात असते. "प्रमाणित केली नाही" म्हटले की कोणीतरी केली नाही असा दोष आपोआप येतो. "प्रमाणित झालेली दिसत नाही" म्हटले की तुम्ही काय पाहिले तेवढेच सांगता. आणि "दिसत नाही" म्हणताना कधी पाहिले व कुठे पाहिले हेही जोडले की ते वाक्य मवाळ राहूनही कोणाला खोडता येत नाही. "दिनांक १२ जून २०२५ रोजी काढलेल्या सातबारा उताऱ्यावर सदर फेरफार प्रलंबित दर्शविलेला आहे" या वाक्यात एकही कठोर शब्द नाही, परंतु याला उत्तर द्यायचे तर मंडळ अधिकाऱ्यांना नोंदवहीच उघडावी लागेल. तसेच "मुद्दाम", "हेतुपुरस्सर", "टाळाटाळ", "जाणीवपूर्वक" हे शब्द समोरच्याच्या मनात काय आहे ते सांगतात, आणि मनाला पुरावा जोडता येत नाही. ते शब्द काढले म्हणून पत्र लेचेपेचे होत नाही. तुमच्या भावाला कडकपणा हवा आहे ना, तर ८ मार्चपासून १६ जूनपर्यंतचे दिवस मोजा. ते बरोबर १०० भरतात. हा आकडा पत्रात घाला आणि त्याच्याविषयी काही बोलू नका.

"सदर" या शब्दाबाबत जाता जाता सांगतो. तुमच्या दीड पानांत तो चौदा वेळा आला आहे : सदर अर्ज, सदर जमीन, सदर साहेब. पत्रात फेरफार एक आहे तोवर "सदर फेरफार" ठीक आहे; अर्ज दोन झाले की कोणता सदर ते वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे पुन्हा क्रमांक लिहावा, लाजू नये.

कायद्याचा उल्लेख करावा का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मसुद्यात "दप्तर दिरंगाई कायद्यानुसार ७ दिवसांत काम करणे बंधनकारक आहे" असे वाक्य आहे, म्हणून बोलतो. त्या अधिनियमाचे वर्ष २००५ आहे आणि त्याच्या कलम १० मध्ये सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहू नये असे म्हटले आहे. सात दिवसांत सगळे काम पूर्ण व्हावे असे त्यात नाही. शिवाय अर्धन्यायिक, म्हणजे सुनावणी घेऊन निर्णय द्यायची, प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत, आणि तुमच्या नोंदीला हरकत आली असेल तर कार्यालय नेमके तेच पुढे करील. चुकीचा उद्धृत केलेला कायदा हा चुकीच्या तारखेइतकाच उपद्रवी असतो. माझी पद्धत अशी की पहिल्या पत्रात कायदा आणायचा नाही, फक्त क्रम मांडायचा. स्मरणपत्रात, हरकत नाही याची खात्री झाल्यावर, एका ओळीत कलम सांगायचे. काही वकील मित्रांना हे पटत नाही, ते पहिल्याच पत्रात कलमे घालतात. मी कारकुनाच्या खुर्चीवर बसलेलो असल्यामुळे मला माहीत आहे की कलमांचे पत्र पाहिले की ते "विधी अभिप्रायासाठी" बाजूला पडण्याचा धोका असतो.

मागणी एकच असावी आणि कार्यालयाला जी मान्य करता येईल अशी असावी. "नोंद तात्काळ मंजूर करावी" अशी मागणी तहसीलदारांनी मान्य करणे अवघड, कारण मंजूर करायची की रद्द करायची हा प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय आहे. "निर्णय घेण्याबाबत सूचना द्याव्यात, आणि काही त्रुटी असल्यास ती मला लेखी कळवावी" असे म्हटले तर दोन्ही बाजूंनी तुमचे काम पुढे सरकते. तारखेची अपेक्षा लिहायला हरकत नाही, पण तिला कारण द्या. खरीप पीक कर्जासाठी सोसायटी वारसांच्या नावाचा सातबारा मागत आहे असे तुम्ही मसुद्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे. ते खरे कारण आहे, त्याला जागा द्या.

याप्रमाणे तुमचे पत्र मी असे लिहीन :

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, …………

विषय : मौजे …………, गट क्रमांक १४७ वरील वारस नोंदीचा फेरफार क्रमांक २३८६ प्रलंबित असल्याबाबत.

संदर्भ :
१) ग्राम महसूल अधिकारी, सज्जा ………… यांच्याकडील माझा अर्ज, आवक क्रमांक २११, दिनांक ३ फेब्रुवारी २०२५.
२) गाव नमुना सहामधील फेरफार क्रमांक २३८६, दिनांक २१ फेब्रुवारी २०२५.
३) गट क्रमांक १४७ चा सातबारा उतारा, दिनांक १२ जून २०२५.

महोदय,

माझे वडील कै. ………… यांचे दिनांक ९ नोव्हेंबर २०२४ रोजी निधन झाले. वरील गटावर वारसांची नोंद होण्यासाठी मी संदर्भ क्रमांक १ चा अर्ज आवश्यक कागदपत्रांसह सादर केला होता. त्यानुसार संदर्भ क्रमांक २ चा फेरफार नोंदविण्यात आला असून त्यावर हरकत नोंदविण्याची शेवटची तारीख ८ मार्च २०२५ अशी प्रसिद्ध करण्यात आली होती. माझ्या माहितीप्रमाणे या मुदतीत कोणतीही हरकत प्राप्त झालेली नाही.

मुदत संपल्यापासून आजअखेर १०० दिवस झाले असून, संदर्भ क्रमांक ३ च्या उताऱ्यावर हा फेरफार प्रलंबित दर्शविलेला आहे. खरीप पीक कर्जासाठी वारसांच्या नावाचा उतारा १० जुलै २०२५ पूर्वी सादर करणे मला आवश्यक आहे.

तरी फेरफार क्रमांक २३८६ वर निर्णय घेण्याबाबत संबंधित मंडळ अधिकारी यांना सूचना व्हाव्यात, तसेच माझ्या अर्जात अथवा कागदपत्रांत काही त्रुटी असल्यास ती मला लेखी कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
(पूर्ण नाव, पत्ता, भ्रमणध्वनी)

सोबत : १) संदर्भ क्रमांक १ च्या अर्जाची पोचेसह प्रत. २) फेरफार नोटिशीच्या आपली चावडीवरील पानाची प्रत. ३) संदर्भ क्रमांक ३ चा उतारा.

प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. उपविभागीय अधिकारी, ………….

वडिलांच्या मृत्यूची तारीख तुमच्या मसुद्यात नुसती "गेल्या वर्षी दिवाळीनंतर" अशी होती; ती मी तुमच्या अर्जाच्या पोचेवरील मजकुरातून घेतली आहे. मृत्यू प्रमाणपत्राशी एकदा ताडून पाहा. "सोबत" मधला क्रम मुद्दाम संदर्भांच्या क्रमाशी जुळवला आहे, म्हणजे संदर्भ दोन वाचणाऱ्याने दुसरा जोडकागद उलटला की तोच हाती यावा. उपविभागीय अधिकाऱ्यांना, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांना, प्रत देणे ऐच्छिक आहे. काही ठिकाणी त्यामुळे काम लवकर होते, काही ठिकाणी तहसीलमधल्या लोकांना ते खटकते. तुमचे तहसीलमध्ये यापूर्वी एकही पत्र गेलेले नाही हे पाहता मी यावेळी ती ओळ गाळली असती आणि स्मरणपत्रासाठी राखून ठेवली असती; निर्णय तुमचा.

पोच नसती तर काय, हाही प्रश्न अनेकांना पडतो, कारण सज्जावर पोच मिळेलच असे नाही. अशा वेळी अंदाजाने क्रमांक घालू नये. "अर्जाची पोच मला मिळालेली नाही, तथापि त्या अर्जावरून फेरफार क्रमांक २३८६ नोंदविण्यात आला आहे" असे सरळ लिहावे. फेरफार क्रमांक हाच मग आधार होतो. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून केला असेल तर तिथला अर्ज क्रमांक पडद्यावर दिसतो तसाच, एकही अंक न गाळता द्यावा.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि टपाल शाखेत द्या; ओळखीच्या कर्मचाऱ्याच्या हाती सोपवू नका. तुमच्या प्रतीवर शिक्का मारून घेताना तिथेच उभे राहून दोन गोष्टी पाहा. शिक्क्यातली तारीख आजची आहे ना, कारण रबरी शिक्क्यातली तारखेची चाकी सकाळी फिरवायची राहिली की दुपारपर्यंत कालचीच उमटत राहते. आणि शिक्क्यात आवक क्रमांकाची जागा कोरी नाही ना, कारण गर्दीत क्रमांक "नंतर टाकू" म्हणून राहतो. जाणे शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पोचवल्याचा पुरावा छापून ठेवा. रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर स्मरणपत्र लिहायचे. त्यात संपूर्ण कहाणी पुन्हा सांगायची नाही. संदर्भात पहिला क्रमांक या १६ जूनच्या पत्राच्या तहसीलमधील आवक क्रमांकाला द्यायचा आणि फेरफार दुसऱ्या जागी ठेवायचा. हरकतीबाबत चावडीवर काय कळते ते मला कळवा, तोवर पत्र देऊ नका.